सरकत्या खिडकीचे माप: पल्ल्यापासून काचेपर्यंत

सरकत्या खिडकीच्या पल्ल्याचे माप काढताना आपण चौकटीच्या आतली रुंदी सरळ दोनने भागली आहे; हिशेबातली चूक तिथेच आहे, कारण बंद खिडकीचे दोन पल्ले मध्यभागी इंटरलॉकच्या, म्हणजे दोन पल्ले एकमेकांत अडकवणाऱ्या उभ्या पट्टीच्या, रुंदीएवढे एकमेकांवर येतात. माझ्या पहिल्या खिडकीत हेच विसरल्यामुळे मधोमध बोटभर फट राहिली होती.

उघडीप तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप घ्यावे. नागपुरातल्या जुन्या घरांच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. समजा ते 1200 × 1200 मिमी आले. दर बाजूला 5 मिमी मोकळीक सोडल्यास चौकट 1190 ची होते आणि चारही बाजूंना मिळून 4760 मिमी सेक्शन, म्हणजे चौकटीची तयार पट्टी, लागते. करवतीच्या पात्याची जाडी यात धरलेली नाही, ती वेगळी धरावी.

चौकटीच्या आत 1140 मिमी रुंदी उरली आणि इंटरलॉक 40 मिमीचा असला, तर:

```
पल्ला = (1140 + 40) / 2 = 590
काच = 590 - 40 - 40 + 8 + 8 = 526
```

काचेच्या ओळीतले दोन्ही 40 म्हणजे पल्ल्याच्या उभ्या पट्ट्यांची दर्शनी रुंदी, तर 8 म्हणजे काच खाचेत जितकी शिरते ते माप. हे 8 नवशिक्यांकडून हमखास सुटतात आणि काच रबरातून निसटते. आपल्या सेक्शनची मापे वेगळी असतील, म्हणून तुकडा हातात घेऊन मोजावा.

उंचीही याच रीतीने, पण ओव्हरलॅप न मिळवता काढावी. ती 1066 आली, तर दोन काचांचे क्षेत्रफळ सुमारे 1.12 चौरस मीटर, म्हणजे साधारण 12 चौरस फूट भरते. काचेची ऑर्डर मात्र पल्ला प्रत्यक्ष जोडून पाहिल्यावरच द्यावी.