‘दूध तू पाजणार आहेस का?’

“मी पुण्यात एका खासगी कंपनीत काम करतो. पुढच्या महिन्यात आम्हाला पहिले बाळ होणार आहे. कंपनीत दहा दिवसांची पितृत्व रजा आहे, पण आमच्या टीममध्ये ती कुणीच पूर्ण घेतलेली नाही. विषय काढला तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘दूध तू पाजणार आहेस का?’ मार्चमध्ये अप्रेझल आहे. रजा घ्यावी की सोडून द्यावी?”

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका इंजिनिअरला असेच टोमणे ऐकावे लागले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकिकत सांगते.

पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि हे गृहस्थ ‘दोन दिवस किरकोळ रजा टाकतो, म्हणजे बोलणी नकोत’ अशा विचारात होते. मी त्यांना कंपनीचे रजेचे धोरण सोबत आणायला सांगितले, तेव्हा ते त्यांनी कधी वाचलेच नव्हते हे उघड झाले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी अपत्ये असतील, तर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधी 15 दिवसांपर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, नाहीतर बुडते. खासगी कंपनीवर मात्र कायद्याची अशी सक्ती नाही, म्हणून तिथे धोरणाचा कागद हाच एकमेव आधार ठरतो. त्यांच्या कागदात दहा दिवस, सहा महिन्यांची मुदत आणि रजा दोन भागांत घेण्याची मुभा होती.

इथे आम्ही बेत बदलला. पहिलटकरीण माहेरी असते तेव्हा आई, मावशी, मालीशवाली अशी माणसे तिच्याभोवती असतात, आणि बाळाला घेऊन ती सासरी परतली की खरी ओढाताण सुरू होते. म्हणून प्रसूतीच्या वेळी तीन दिवस आणि बाळ सहा आठवड्यांचे होऊन घरी येईल तेव्हा सात दिवस, असे ठरले. त्यांच्या ईमेलच्या पहिल्या मसुद्यात ‘रजा मिळू शकेल का’ अशी आर्जवी विनंती होती. ती काढून त्यांनी अंदाजित तारखा, धोरणातील कलम आणि कोणते काम कोण सांभाळेल एवढेच लिहिले व एचआरला प्रत पाठवली. साहेबांची थट्टा थांबली नाही. मात्र चहाच्या टेबलावर जे सहज बोलता येते, ते ईमेलच्या उत्तरात लिहायला त्यांची तयारी नव्हती. रजा मंजूर झाली.

पहिल्या भागानंतर पत्नीही भेटीला आली. “हे मदत करतात, पण प्रत्येक गोष्ट मला विचारून करतात,” ही तिची तक्रार मला रास्त वाटली, कारण विचारणाऱ्याचे हात चालतात आणि सांगणाऱ्याचे डोके चालूच राहते. म्हणून दुसऱ्या भागासाठी दोन कामे त्यांनी संपूर्ण स्वतःकडे घेतली. सहाव्या आठवड्याचे लसीकरण हे पहिले: कार्ड, डॉक्टरांची वेळ, नंतर ताप आल्यास त्यांनी लिहून दिलेल्या मात्रेत औषध आणि दिल्याची नोंद. दुसरे रात्रीचे. पाजून झाले की पत्नीने लगेच झोपायचे. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि झोपवणे हे काम नवऱ्याचे. एवढ्या लहान बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, त्यामुळे दर खेपेला वाचलेला अर्धा तासही आईला फार मोठा असतो. साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर यातच होते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. तिसऱ्याच दिवशी ‘फक्त दहा मिनिटे’ म्हणून फोन आला आणि बाळ मांडीवर, लॅपटॉप पलंगावर असा दीड तास गेला. त्यानंतर त्यांनी संध्याकाळी सहाला एकदाच संदेश पाहायचे ठरवले आणि तसे सहकाऱ्यांना कळवले. अप्रेझलमध्ये श्रेणी पूर्वीचीच राहिली, पण एक नवा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला. तो रजेमुळे गेला असे त्यांना आजही वाटते, आणि ते खोटे आहे असे मी त्यांना सांगितलेले नाही.

तुमची भीती म्हणूनच मी फोल ठरवणार नाही. वर्षभरात पूर्ण केलेल्या कामांची यादी रजेवर जाण्यापूर्वीच साहेबांना ईमेलने पाठवून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये बोलताना तारखेसह काही हातात असेल. धोरणात रजेचे भाग करण्याची सोय आहे का, ते आज पाहा. पत्नी माहेरी जाणार असेल, तर सगळे दहा दिवस दवाखान्याच्या आठवड्यात संपवू नका; ती कधी परतणार हे तिलाच विचारा आणि त्या अंदाजित तारखेसह अर्ज याच आठवड्यात पाठवा.