वॉर्डातलं भांडण आणि इन्चार्ज सिस्टरची शैली

प्रश्न: गोव्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅनेजमेंटच्या असाइनमेंटमध्ये वॉर्डातल्या दोन स्टाफ नर्सचं भांडण इन्चार्ज सिस्टर कोणत्या नेतृत्वशैलीने सोडवेल, ते उदाहरण देऊन लिहायचंय. वर्गात सगळेच 'लोकशाही शैली' लिहितायत. तेवढं पुरेल का?

उत्तर:

नाही पुरणार. 'लोकशाही' एवढंच लिहिलं तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारेल: सकाळी सव्वाआठला, हातात इन्सुलिनची सिरिंज असताना कसली लोकशाही? एकाच भांडणात शैली दोनदा बदलावी लागते, आणि केव्हा बदलायची ते कळणं हेच इन्चार्जचं काम. मी बरीच वर्षं मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. तिथलं एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असे तपशील गाळून.

आपल्याकडच्या नेहमीच्या ड्युट्या धर: सकाळ आठ ते दोन, संध्याकाळ दोन ते आठ, रात्र आठ ते आठ. नाइटला सीनियर सिस्टर, वाळपईकडच्या. सकाळला नवी मुलगी, पेडण्याहून येणारी. सीनियरने आठच्या आधी एका मधुमेही पेशंटला नाश्त्यापूर्वीचं इन्सुलिन दिलं, पण चार्टवर सही करायची राहिली, कारण त्यांना बस गाठायची होती. नवीची बस उशिरा पोचली, त्यामुळे हँडओव्हर काउंटरवरच, उभ्या-उभ्या झाला. तिने चार्ट पाहिला, रकाना कोरा. तिने डोस भरला आणि खाटेपाशी गेली. पेशंटच म्हणाला, "बाये, आतांच दिलें न्ही?" म्हणून वाचलो. तोच डोस दुसऱ्यांदा गेला असता तर साखर धोकादायक खाली गेली असती.

सीनियर अजून दारातच होत्या. मग काउंटरसमोर, नातेवाइकांच्या देखत सुरू झालं. "सही करायला दोन सेकंद लागतात, सिस्टर!" "काल आलेली पोर मला शिकवणार?"

या क्षणी मी हुकूम सोडला, दुसरं काही नाही. सिरिंज ट्रेमध्ये ठेव. सिस्टर, डोस किती दिला, किती वाजता, आत्ता चार्टवर लिहा, उशिरा केलेली नोंद म्हणून, खऱ्या वेळेसकट. ग्लुकोमीटरने साखर बघ, नाश्ता लगेच दे, डॉक्टरांना कळव, साखर पुन्हा कधी बघायची ते त्यांना विचार. घटनेचा रिपोर्ट आजच जाईल. आणि सीनियरना म्हटलं, तुम्ही आता बसला जा. कोण चुकलं हे मी विचारलंच नाही. बारा तास उभ्या असलेल्या बाईशी त्या वेळी न्यायनिवाडा करायला बसलं, तर ती फक्त आपली बाजू राखते. थॉमस आणि किल्मन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या संघर्ष हाताळायच्या पाच पद्धतींत बसवायचं तर पेशंटपुरती ही 'स्पर्धा', म्हणजे आपलं म्हणणं रेटणं, आणि भांडणापुरतं 'टाळणं'. तात्पुरतं टाळणं ही पळवाट नव्हे, पण पुढची तारीख ठरलेली पाहिजे. ती नसेल तर पळवाटच.

तारीख ठरवणंही सोपं नसतं, हे पुस्तकात सापडत नाही. नाइट आणि सकाळ यांची गाठ फक्त आठ वाजता पडते, आणि तेव्हा दोघींनाही वेळ नसतो. म्हणून ड्युटी लिस्ट हातात घेतली. सीनियरची नाइट आणि ऑफ संपल्यावर त्यांना संध्याकाळ दिली, नवीला त्या दिवशी सकाळ. दोन वाजता दोघी वॉर्डात असतात, एकीचं काम उरकलेलं, दुसरीचं सुरू व्हायचंय. त्याआधी दोघींशी वेगवेगळं बोलून घेतलं.

लुई पाँडीने १९६७ मध्ये मांडलेले संघर्षाचे टप्पे इथे उपयोगी पडतात. उघड भांडणाच्या आधी एक सुप्त अवस्था असते, आणि तिची कारणं स्वभावात कमी, व्यवस्थेत जास्त. सीनियर म्हणत होत्या, "तिला मान देता येत नाही." नवी म्हणत होती, "त्या बेफिकीर आहेत." खाली उतरून बघितलं तर काय होतं? सहा ते आठ या वेळात दोन नाइट नर्सनी रक्ताचे नमुने, तापमान, इनटेक-आउटपुटची बेरीज, इन्सुलिन सगळं उरकायचं. वर एकीची बस लवकर सुटणारी, दुसरीची उशिरा पोचणारी. या दोघींच्या जागी दुसऱ्या दोघी असत्या तरी कधी ना कधी हेच झालं असतं.

आता लोकशाहीची पाळी. लिनन रूममध्ये तिघी बसलो. नियम एकच सांगितला: त्या सकाळी काय घडलं तेवढंच बोलायचं, 'नेहमी' हा शब्द नको, आणि उत्तर देण्याआधी समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. सीनियर म्हणाल्या, "हिचं म्हणणं, कोरा रकाना बघून ती दुसरं काय करणार होती." तिथून आवाज खाली आला.

ठरलं ते असं. सही खाटेपाशीच, सिरिंज टाकण्याआधी. हँडओव्हर खाटेपाशी, पण सगळ्यांचा नाही, फक्त इन्सुलिन, हेपरिन, रक्त आणि ऑक्सिजन चालू असलेल्यांचा. वेळ वाचावा म्हणून ही काटछाट नवीनेच सुचवली. आणि तिला शक्यतो संध्याकाळच्या ड्युट्या, सकाळ उघडायला होस्टेलवर राहणारी नर्स. पहिल्या दोन गोष्टी 'सहकार्य', तिसरी सरळ 'तडजोड', कारण कायम संध्याकाळ तिलाही नको होती.

मी हे नियम नुसते फर्मावले का नाहीत? इथे कुर्ट लेविनचा प्रयोग आठव. लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी आयोवात दहा वर्षांच्या मुलांच्या छंदवर्गांवर केलेला हा अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूमशाही गटात म्होरक्या खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, लोकशाही गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं. वर्गात आपण हे पाठ करतो, पण वॉर्डाला लावत नाही. इन्चार्ज रात्री वॉर्डात नसतेच! नाइटला पाळायचा नियम पाळणारीनेच घडवलेला असावा लागतो. माझ्या मते तुझ्या असाइनमेंटचा कणा हाच असावा.

मूल्यमापन विसरू नकोस. दोन आठवडे मी रोज सकाळी औषधांच्या चार्टवरच्या कोऱ्या सह्या मोजल्या. कोण चुकलं ते लिहिलं नाही, फक्त आकडा ड्युटी रूममध्ये लावला. पण आकडा सुधारला म्हणजे भांडण मिटलं असं नव्हे. खरी खूण वेगळी. ज्युनियर "जाऊ दे सिस्टर" म्हणून नमतं घेते आणि मग सीनियरला शंका विचारायचंच सोडते. "तिला सांग, चौदा नंबरची सलाइन संपत आलीय" असे निरोप तिसरीकरवी जायला लागतात. असं दिसलं तर पाँडी ज्याला 'पडसाद' म्हणतो त्यातून पुढचं भांडण शिजतंय, पुन्हा बसायला हवं.

मर्यादाही लिही. हे सगळं कामावरून झालेल्या भांडणाला लागू आहे. एकीला सतत हिणवलं जात असेल, जातीधर्मावरून बोललं जात असेल, तर दोघींना समोरासमोर बसवणं म्हणजे दुबळीवर दुसऱ्यांदा अन्याय. तिथे लेखी तक्रार मेट्रनकडे. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे, इन्चार्जने मध्यस्थी करायचीच नाही. आणि नाइटला माणसंच कमी असतील तर कुठलीही शैली तिसरी नर्स उभी करत नाही. ती मागणी कामाच्या नोंदी जोडून मेट्रनकडे लेखी जायला हवी, आणि तुझ्या उत्तरात त्यालाही एक परिच्छेद दे.