शिष्यवृत्तीचं एसओपी: घरची गोष्ट किती लिहायची आणि ध्येय किती नेमकं हवं

प्रश्न: मी घरातली पहिली पदवीधर. सांगोला तालुक्यात आमची अडीच एकर डाळिंबाची बाग होती, तेल्या रोग आला आणि काढून टाकावी लागली. बी.एस्सी. ॲग्री झालंय, सध्या एका रोपवाटिकेत नोकरी करते. नेदरलँड्समध्ये वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करायचंय. शिष्यवृत्तीच्या एसओपीत, म्हणजे उद्देशपत्रात, घरची परिस्थिती किती लिहू? आणि ध्येय म्हणून 'शेतकऱ्यांसाठी काम करायचंय' यापुढे काही सुचतच नाही.

उत्तर:

घरची परिस्थिती चार-पाच वाक्यांत आटपा. हजार शब्दांची मर्यादा असेल तर शंभरच्या आतच. उत्पन्नाचा दाखला मागितला असेल तर तो जोडलेला असतोच, त्यामुळे गरिबी सिद्ध करणं हे एसओपीचं काम नाही. हा कोर्स या मुलीला का हवाय आणि तो झाल्यावर ती त्याचं काय करणार, एवढंच समिती इथे शोधत असते. अर्जात आर्थिक अडचणींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे सविस्तर लिहा, इथे पुन्हा उगाळू नका.

'आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं' हे खरं असेलही, पण त्यात आईवडील दिसतात, तुम्ही दिसत नाही. त्याऐवजी पहिली पिढी असण्याचा तुमच्या शिक्षणावर नेमका काय परिणाम झाला ते सांगा. समजा, तिसऱ्या सत्रात तुमचे गुण घसरले आणि कारण असं होतं की बहार धरलेला असताना दर आठवड्याला फवारणीसाठी घरी जावं लागायचं. तर सत्र कोणतं, काय झालं आणि पुढच्या दोन सत्रांत गुण कितीवर आले, हे दोन वाक्यांत लिहा. गुणपत्रिका त्यांच्यासमोर असतेच. घसरण तुम्ही सांगितली नाहीत तर ते स्वतःच काहीतरी कारण धरून चालतात. तसंच, घरात विचारायला कोणी नसल्याने संशोधनाचा अनुभव घ्यायचा असतो हेच उशिरा कळलं असेल, तर तेही सरळ लिहा आणि लगेच 'रावे'च्या, म्हणजे पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवाच्या काळात गावात राहून काय काम केलंत ते जोडा. रावेची वही बाहेर काढा. त्यातल्या नोंदी हाच तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम माल आहे, आणि बरीच मुलं त्याचा उल्लेखही करत नाहीत.

आता ध्येय. 'शेतकऱ्यांसाठी काम' या वाक्याला एकामागून एक प्रश्न विचारत खाली उतरा. कोणते शेतकरी? सांगोला-पंढरपूर-आटपाडी पट्ट्यातले डाळिंबवाले. त्यांची कोणती अडचण? तेल्या. तेल्याचा कोणता भाग? इथे थांबून विचार करा, कारण बहुतेक अर्ज 'तेल्यावर औषध शोधायचंय' म्हणतात आणि जाणकार परीक्षक तिथेच वाचायचा वेग वाढवतो. हा जिवाणूजन्य रोग आहे. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीवरून आणि रोगट मातृवृक्षावर बांधलेल्या गुटीतून, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडून केलेल्या रोपातून, तो पसरतो. बागेत एकदा बसला की त्याला मुळापासून घालवणारी फवारणी नाही, म्हणून तर आपल्याकडे बहार बदलून पावसाळा चुकवण्याचा खटाटोप चालतो. यातली गुटी ही एकच कडी अशी आहे की ती तुम्ही रोज हाताळता. दिसायला निरोगी झाडातही जिवाणू असू शकतो, आणि रोपवाटिकेत मातृवृक्ष नुसते डोळ्यांनी पाहून निवडले जात असतील, तर तुमचं ध्येय तिथेच आहे.

मग परिच्छेद साधारण असा होईल. अर्ज इंग्रजीत असला तरी पहिला खर्डा मराठीत करा. उसनी वाक्यं मराठीत लगेच उघडी पडतात.

"मी ज्या रोपवाटिकेत काम करते तिथे गुटी बांधण्याआधी मातृवृक्षांची पाहणी फक्त पानं आणि खोडावरचे डाग बघून होते. डाग नसलेल्या झाडांची रोपं विकली जातात आणि काही बागांत पहिल्याच पावसाळ्यात तेल्या दिसतो. तो रोपातून आला की शेजारच्या बागेतून, हे सांगायला आमच्याकडे साधन नाही. लक्षणं दिसण्याआधी जिवाणू ओळखण्याच्या चाचण्या मला शिकायच्या आहेत आणि एका मातृबागेसाठी किती झाडांचे नमुने घेतले तर निष्कर्षावर विसंबता येईल, हे प्रबंधात तपासायचं आहे. परतल्यावर पहिली तीन वर्षं निदान प्रयोगशाळेत काम करून पुढे रोपवाटिकांसाठी चाचणीची सेवा उभी करायचा माझा बेत आहे."

यात 'क्रांती' नाही, 'लाखो शेतकरी' नाहीत, तरीही कोर्स का हवाय ते कळतं. पाहणीबद्दलचं वाक्य तुमच्या रोपवाटिकेत खरं असेल तरच ठेवा, आणि तिचं नाव घालू नका. बेत फसला तर काय, हेही एका वाक्यात यायला हवं. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी जागा मिळणं जाहिरातीवर आणि निवडीवर अवलंबून आहे, ते तुमच्या हातात नाही. म्हणून 'मी तिथे शास्त्रज्ञ होईन' असं न लिहिता 'तिथे प्रकल्पावर काम मिळवण्याचा प्रयत्न करेन, न मिळाल्यास खासगी रोपवाटिकेच्या किंवा ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत' असं लिहा. दुसरा रस्ता सांगितल्याने अर्ज कमजोर होत नाही.

ध्येयाचा शेवटचा भाग मात्र प्रत्येक शिष्यवृत्तीसाठी नव्याने लिहावा लागतो. जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज शिष्यवृत्ती आहे, रक्कम फेडायची असते. तिथे पहिली नोकरी कुठली आणि हप्ता कशातून जाणार याचा अंदाज द्या. चेव्हनिंग फक्त ब्रिटनसाठी आहे, त्यामुळे तुमच्या कामाची नाही, पण तिथे कोर्सनंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. अशी अट असलेल्या अर्जात 'काही वर्षं परदेशी अनुभव घेऊन परत येईन' हे वाक्य गेलं की अर्ज तिथेच संपला. आणि परदेशातच थांबायची मनात इच्छा असेल तर त्या शिष्यवृत्तीला अर्ज करू नका, बाकीच्या पुष्कळ आहेत.

कोर्सबद्दल लिहिताना विद्यापीठाच्या पानावरची स्तुती परत त्यांनाच ऐकवू नका. अभ्यासक्रमातले दोन विषय आणि प्रबंधासाठीचा एक संशोधन गट, एवढीच नावं घ्या. प्रत्येकाला वरच्या परिच्छेदातल्या कामाशी जोडा. जे जोडलं जात नाही ते काढून टाका.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना खर्डा आधी पाठवा. तुम्ही निदान चाचण्यांबद्दल लिहिताय आणि सर 'तिला कृषी विस्तारात रस आहे' लिहितात, असं सर्रास होतं. नंतर खर्डा दोघांना वाचायला द्या: एक विषयातला, एक बाहेरचा. बाहेरच्याला 'गुटी' कळली नाही तर इंग्रजीतही ती एका वाक्यात समजावून सांगावी लागेल.

मुलाखतीत यातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे चाचणीचा खर्च कोण देणार? त्याचं उत्तर अर्ज पाठवण्याआधी शोधा. ओळखीच्या तीन-चार रोपवाटिकावाल्यांना फोन करून विचारा, की तपासलेल्या मातृवृक्षाचं रोप म्हणून गिऱ्हाईक नगामागे किती जास्त देईल. जो आकडा ते सांगतील तो, 'देणार नाही' म्हणाले तर तेही, तसंच्या तसं एसओपीत घाला.