कोकरांचा खुराक आणि दूध तोडण्याची वेळ

दादा, कोकरू दोन आठवड्यांचं झालं की खुराक सुरू करा. वाड्याचा एक कोरडा, उजेडाचा कोपरा आडव्या-उभ्या बल्ल्यांनी अडवा. उभ्या बल्ल्यांत साधारण वीतभर फट ठेवा, म्हणजे कोकरू आत शिरेल, मेंढी बाहेरच राहील. हा कोपरा मेंढ्या बसतात तिथे जवळच हवा. लांब केलात तर कोकरं आईला सोडून जात नाहीत.

१० किलो खुराकाला मक्याचा भरडा साडेपाच किलो, शेंगदाणा पेंड तीन किलो, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, मेंढ्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम. गाई-म्हशींचं मिश्रण नको, त्यातलं तांबं मेंढीला विषारी ठरतं. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती सरळ फेका.

सुरुवातीला मूठभरच टाका. उरलेलं रोज काढा, कारण ओलं, लाळ लागलेलं कोकरं खात नाहीत. एकदम पोटभर दिलं तर आंत्रविषाराने नेमकं सगळ्यात गुबगुबीत कोकरूच दगावतं, म्हणून त्याची लस आधीच टोचून घ्या.

दूध तोडताना नुसते दिवस मोजू नका. जन्मतः ३ किलोचं कोकरू ६० दिवसांत १२ किलोवर आलं, म्हणजे रोज १५० ग्रॅम वाढलं, आणि सलग तीन दिवस पाव किलो खुराक संपवत असेल, तर तोडा. ८ किलोवरच असेल तर ९० दिवसांपर्यंत थांबा. तोडताना मेंढी हलवा. कोकरू त्याच जागी, त्याच खुराकावर राहू द्या.