फ्लॅटची वास्तुशांत: मुहूर्त, क्रम आणि आग्नेय कोपरा

प्रश्न: नवीन फ्लॅटचं पझेशन पुढच्या महिन्यात मिळतंय. वास्तुशांत करायची आहे पण घरात सांगणारं मोठं कोणी नाही. मुहूर्त कसा काढतात आणि त्या दिवशी आधी काय, नंतर काय करतात?

उत्तर:

पझेशन अजून मिळालं नाहीये ना, मग आजच साइटवर जाऊन विचारा की टाइल्स बसल्यात का. का ते खाली सांगतो, आधी मुहूर्त.

दाते पंचांगात वास्तुशांतीचे मुहूर्त वेगळे छापलेले असतात, सुरुवात तिथून करा. महिने साधारण वैशाख, श्रावण, कार्तिक, मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन. अधिक मास आणि पितृपक्ष नाही, गुरू-शुक्राचा अस्त नाही, चतुर्थी-नवमी-चतुर्दशी आणि अमावस्या नाही, वारांत रविवार आणि मंगळवार टाळतात. नक्षत्र रोहिणी, मृग, तिन्ही उत्तरा, अनुराधा, रेवती असं काहीतरी मिळालं की गुरुजी खूश. अक्षय्य तृतीया किंवा दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही म्हणतात ते कलश ठेवून दूध ऊतू घालवण्यापुरतं धरा, हवन करायचं तर गुरुजी अग्नी बघतातच.

हा अग्नी म्हणजे त्या दिवशी अग्नीचा वास पृथ्वीवर आहे की नाही. हिशोब सोपा आहे, शुक्ल प्रतिपदेपासून मोजलेली तिथी, त्यात वाराचा आकडा (रविवार 1), वर आणखी 1, आणि बेरजेला 4 ने भागायचं. बाकी 3 किंवा 0 आली तर अग्नी पृथ्वीवर, चालतं. आमच्या वेळी कार्तिकातले दिवस होते. मला शुक्रवार हवा होता कारण शनिवार-रविवार जोडून सामान हलवता आलं असतं, पण शुक्रवारी एकादशी, 11 + 6 + 1 म्हणजे 18, बाकी 2, अग्नी पाताळात. शिवाय कार्तिकी एकादशीला पाहुण्यांना जेवायला घालणार काय, साबुदाणा? रविवारी त्रयोदशी, 13 + 1 + 1 म्हणजे 15, बाकी 3, अग्नी ठीक पण वार नाही. शनिवारी द्वादशी, 12 + 7 + 1, वीस, बाकी 0, नक्षत्र रेवती. झालं, शनिवार. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे तुळशीचं लग्न असतं म्हणून मावशी थोडी कुरकुरली, पण आली.

आता टाइल्स. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, त्याला निक्षेप म्हणतात. बंगल्यात प्रश्नच नाही, जमीन आहे. फ्लॅटमध्ये खाली आरसीसी स्लॅब, आणि स्लॅब फोडायचा नसतो, त्यात सळया असतात. मात्र स्लॅब आणि टाइल यांच्यामधे भर घातलेली असते ना, दोन-तीन इंचांची, तेवढ्यात चपटी तांब्याची डबी बसते. आमच्या सातव्या मजल्यावर बिल्डरच्या माणसाने "हो हो ठेवतो" म्हणून टाइल सगळीकडे बसवून टाकली, मग पूजेच्या आदल्या दिवशी मिस्त्री बोलावला, त्याने ग्राइंडरने कापून एक टाइल काढली तर बाजूच्या दोन तडकल्या आणि तो शेड मार्केटमध्ये संपलेला. आज तिथे फ्रिज ठेवलाय. म्हणून सांगतो, आग्नेयेची एक टाइल मोकळी ठेवून घ्या आणि त्याच लॉटच्या चार-पाच टाइल्स घरात ठेवा. कोपरा मोबाइलच्या होकायंत्राने बघा, पण सळया आणि लोखंडी दारापासून लांब उभं राहून, नाहीतर दिशा भलतीच दाखवतं. आणि त्या कोपऱ्यात बाथरूम आलं असेल तर तिथे अजिबात खणू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील. गुरुजींना आधी सांगितलं तर ते स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची वगैरे जागा सुचवतात.

आता क्रम. आमच्याकडे सकाळी साडेआठला सुरू होऊन दीडला संपलं. आम्ही दोघं उपाशी, चहा तेवढा झाला. दाराला आंब्याचं तोरण, उंबरठ्याची पूजा, मग कलश आणि देव घेऊन आत. घरातल्या देवापुढे विडा ठेवून मोठ्यांना नमस्कार, मग आचमन आणि संकल्प, गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध. नांदीश्राद्ध नाव ऐकून माझी बायको दचकली होती, पण हे पितरांना मंगल कार्याचं आमंत्रण आहे. आमचे गुरुजी म्हणाले की हे एकदा झालं की मधेच कुठून सुतकाची बातमी आली तरी कार्य अडत नाही, त्यामुळे मोठी घरं हे आधीच उरकून घेतात. पुढे गुरुजींना वरणी देणं, मग पंचगव्य शिंपडणं.

मग चौरंगावर तांदळाचं 81 चौकोनांचं वास्तुमंडल मांडतात, मधे ब्रह्मा, शेजारी नवग्रह. त्यानंतर अग्निस्थापना आणि हवन, आधी ग्रहांचं, मग वास्तूचं, समिधा, तीळ, तूप आणि चरू म्हणजे शिजवलेला भात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कुंडाखाली विटा आणि वर वाळूचा थर द्या, नुसत्या टाइलवर कुंड ठेवलं तर उष्णतेने ती तडकते. उंच बिल्डिंगमध्ये छताला स्मोक डिटेक्टर असेल तर सोसायटीला आदल्या दिवशी सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं, तर पूर्णाहुतीच्या थोडं आधी सिक्युरिटीचे दोघं धावत वर आले, शेवटी तेही प्रसाद घेऊन गेले.

हवन झालं की बलिदान, म्हणजे उडीद घातलेला भात आणि कोहळा, मग पूर्णाहुती. नंतर घराला आतून सूत गुंडाळत पाणी आणि दुधाची धार धरत फेरी मारायची, हे मुलांना फार आवडतं, जमिनीवर घसरणारे दोन तरी निघतात, पुसायचं फडकं हाताशी ठेवा. त्यानंतर निक्षेप. डबीत सप्तधान्य, शेवाळ, फुलं, दहीभात, आणि त्यावर प्रतिमा पालथी ठेवायची, उताणी नाही. डबी बंद करून सिमेंटने बुजवायची, म्हणून मिस्त्रीला दुपारी बारा-एकला बोलावून ठेवा, सकाळी आठला नाही, आमचा बिचारा चार तास जिन्यावर बसून होता. शेवटी अभिषेक, दक्षिणा, आरती, आणि मग बायको गॅसवर दूध ठेवते ते ऊतू जाऊ देते. सत्यनारायण करायचा असेल तर संध्याकाळी ठेवा, सकाळीच घुसवला तर जेवण चारला होतं.

क्रमात एखादी गोष्ट पुढेमागे होईल, ऋग्वेदी-यजुर्वेदी, शिवाय गुरुजी-गुरुजींत फरक असतो, तिथे वाद घालू नका. सामानाची यादी मात्र त्यांच्याकडून लेखी घ्या आणि शेवाळ कोण आणणार ते नक्की विचारा. आमच्याकडे ते राहिलं होतं, भावाला स्कूटरवर विहीर शोधत पाठवावं लागलं.

आणि त्या रात्री घर रिकामं ठेवू नका, देवापुढे दिवा लावून कोणीतरी तिथेच झोपायचं असतं. आम्ही पाच जण सतरंजीवर झोपलो, पंखे अजून बसले नव्हते आणि सगळ्या घराला तुपाच्या धुराचा वास.