लेखकाचं मत कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं?

प्रश्न: नेरूळमधल्या आमच्या वाचक गटासाठी मी दर आठवड्याला संपादकीय पानावरच्या एका लेखाचा सारांश लिहितो. ऐकणारे म्हणतात, ‘हे लेखकाचं मत की तुमचं?’ दोन्ही वेगळं ठेवायचं कसं?

उत्तर: घोटाळा बहुतेक वेळा एखाद्या क्रियापदात किंवा ‘च’, ‘मात्र’, ‘केवळ’ अशा लहान शब्दांत असतो. एका उदाहरणावर काम करू. हा परिच्छेद मी फक्त सरावासाठी रचला आहे:

‘ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी रोहित पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या ज्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात, त्यांतल्या काही अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. शहराला घरे हवीत, हे बिल्डरांचे म्हणणे खोटे नाही. तरीही तिथे बांधकामाला परवानगी देणे अदूरदर्शी ठरेल. सगळ्या जागा राखता आल्या नाहीत, तरी निदान जिथे पक्षी नियमित येतात त्या राखीव घोषित व्हाव्यात.’

आता नेहमी होतो तसा सारांश:

‘लेखिकेच्या मते खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पाणथळ जागांवर बांधकाम करणे अदूरदर्शीपणाचे आहे. बिल्डरांना मात्र केवळ घरेच दिसतात. सगळ्या जागा राखायलाच हव्यात, हे लेखिकेने दाखवून दिले आहे.’

चारही वाक्यं बिघडली आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे. रामसर दर्जा ही तपासता येणारी नोंद आहे. तिला ‘लेखिकेच्या मते’ जोडलं की खरी गोष्ट उगाच संशयात जाते. दुसऱ्या वाक्यात उलटं झालं: ‘अदूरदर्शी’ हा लेखिकेचा निवाडा, पण तो कोणाचा हे न सांगितल्याने तुमचा वाटतो. तिसरं वाक्य लेखात नाहीच. लेखिकेने बिल्डरांचा मुद्दा मान्य केला होता, सारांशाने तो टोमण्यात बदलला. शेवटी ‘निदान’ गळालं आणि मर्यादित मागणी सरसकट झाली. शिवाय ‘दाखवून दिले’ म्हणताना तुम्ही ते सिद्ध झालं असं मान्य करून बसलात.

क्रियापदांबाबत मी कडक आहे. ‘म्हणतात’, ‘लिहितात’, ‘मांडतात’, ‘सुचवतात’ यांच्यात सारांशकाराची बाजू दिसत नाही. ‘दावा करतात’ आणि ‘म्हणे’ यांत अविश्वास आहे, ‘स्पष्ट करतात’, ‘लक्षात आणून देतात’ यांत संमती, ‘कबूल करतात’ मध्ये तर आधी काही लपवलं होतं असा सूर येतो. बिल्डरांच्या मुद्द्यासाठी ‘मान्य करतात’ पुरेसं आहे.

लिहिण्याआधी लेख एकदा नुसता वाचा. दुसऱ्या वाचनात समासात तीन खुणा करा: तपासता येईल त्याला ‘न’ (नोंद), लेखिकेच्या निवाड्याला किंवा मागणीला ‘ले’, आणि तिने दुसऱ्याचं म्हणून मांडलेल्या मुद्द्याला ‘दु’. ‘दु’ची खूण विसरू नका, कारण खोडून काढण्यासाठी मांडलेला मुद्दा लेखकाच्याच नावावर जाणं ही फार होणारी चूक आहे. वाचता वाचता मनात येणारा आक्षेप मात्र समासात नको, वेगळ्या कागदावर लिहा.

मग सारांश असा होतो:

‘ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. भरतीच्या वेळी रोहित पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या ज्या पाणथळ जागांवर थांबतात, त्यांतल्या काही अभयारण्याच्या हद्दीबाहेर असल्याचे लेखिका लिहितात. घरांची गरज असल्याचा बिल्डरांचा मुद्दा त्या मान्य करतात, पण या जागांवर बांधकामाला परवानगी देणे त्यांना अदूरदर्शी वाटते. सगळ्या राखता आल्या नाहीत, तरी निदान पक्षी नियमित येतात त्या जागा राखीव घोषित कराव्यात, असे त्या सुचवतात.’

मतांच्या प्रत्येक वाक्यात कर्ता आहे, हे पाहा. एकदा ‘लेखिकेच्या मते’ लिहून पुढची तीन वाक्यं मोकळी सोडली, तर ऐकणाऱ्याला तिसऱ्या वाक्यापर्यंत ते आठवत नाही. वाचून दाखवताना तर नाहीच. दर वेळी ‘लेखिका’ नको असेल तर ‘त्या’ किंवा ‘असे त्या मांडतात’ चालतं.

तुमचं मत सारांश पूर्ण झाल्यावर, ‘माझे मत’ अशा मथळ्याखाली, ‘मला’ किंवा ‘माझ्या मते’ने सुरू होऊ द्या: ‘मला ही मागणी अपुरी वाटते, कारण पक्षी नियमित कुठे येतात हे कोण ठरवणार, ते लेखात नाही.’ एवढं पुरे.

गटात दुसऱ्या बाजूचा एखादा सभासद असेल तर वाचनाआधी त्याला फक्त सारांशाचा भाग द्या आणि विचारा, ‘मी कोणत्या बाजूचा वाटतो?’ त्याला बाजू ओळखता आली, तर कोणत्या शब्दावरून ते विचारा आणि तो शब्द बदला.

लेखात एखादं साल चुकलेलं आढळलं तर ते सारांशात गुपचूप दुरुस्त करू नका. ‘लेखात असे साल दिले आहे’ एवढंच तिथे लिहा, आणि बरोबर साल ‘माझे मत’खाली, कुठे तपासलंत त्यासह द्या.