अतिरिक्त जबाबदारीच्या पत्रात 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलंय

प्रश्न: आमच्या स्टोअर्सच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जाताहेत. खरेदी विभागातलं माझं काम सांभाळून त्यांचंही काम बघायचं, त्यासाठी महिना ६,००० रुपये भत्ता. पत्रात मुदत 'पुढील आदेशापर्यंत' आहे. सही करू का?

उत्तर: काम जरूर घ्या, पण मुदतीचं वाक्य बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. मी एचआरमध्ये आहे, अशी पत्रं मीच तयार करतो. 'पुढील आदेशापर्यंत' लिहिलं की रजेवरचा माणूस परत आला तरी व्यवस्था संपल्याचा कागद निघतच नाही. भत्ता मात्र पगारातून गुपचूप बंद होतो आणि अर्धंअधिक काम तुमच्याकडेच राहतं.

तुमच्याकडे तारीख काढणं सोपं आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्यानं २६ आठवडे रजा मिळते, म्हणजे १८२ दिवस. रजा १० जूनला सुरू झाली तर ८ डिसेंबरला संपते. कामाची देवघेव करायला आठवडा धरला की १५ डिसेंबर. बाळंतपणातून आजारपण उद्भवलं तर त्यांना आणखी महिनाभर रजा मिळू शकते, म्हणून मुदतवाढीचंही लिहून घ्या. मी असं लिहीन:

"ही तात्पुरती व्यवस्था १० जूनपासून १५ डिसेंबरपर्यंत, किंवा संबंधित अधिकारी हजर होऊन काम ताब्यात घेईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत राहील. मुदत वाढवायची असल्यास ती संपण्यापूर्वी लेखी पत्र दिले जाईल. तसे पत्र नसल्यास अतिरिक्त जबाबदारी त्या दिवशी संपेल."

शेवटचं वाक्य गाळू देऊ नका, तुमचा सगळा आधार त्यावरच आहे.

भत्त्यात अर्धवट महिन्यांचा हिशेबही लिहून घ्या. दिवसांच्या प्रमाणात धरलं तर जूनच्या २१ दिवसांचे ४,२०० आणि डिसेंबरच्या १५ दिवसांचे सुमारे २,९०३ रुपये होतात. सॅलरी स्लिपवर भत्त्याची ओळ वेगळी हवी. तो मूळ पगारात मिसळला तर बंद होताना पगार कापल्यासारखा दिसतो आणि वाद तिथेच सुरू होतात. त्यावर आयकर लागतो, तेव्हा हातात पूर्ण ६,००० येतीलच असं धरू नका.

आणि स्टोअर्स आहे, म्हणून एक गोष्ट पत्राइतकीच महत्त्वाची. मॅडम जाण्यापूर्वी दोघांनी मिळून माल मोजा, निदान महागडा तरी. रॅकवरचा माल, बिन कार्ड आणि सिस्टिममधला आकडा जुळतो का ते बघा, फरक यादीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत अकाउंट्सला द्या. ही यादी नसेल तर आधीपासूनची तूट वार्षिक मोजणीत तुमच्या नावावर निघते. डिसेंबरमध्ये काम परत देतानाही अशीच मोजणी करून यादीवर त्यांची सही घ्या.